विरोधक होते

गेल्या काही वर्षांत एक वाक्य इतक्या वेळा कानावर आले आहे की ते आता कुणी तपासूनही पाहत नाही. "एकच पक्ष पुन्हा पुन्हा निवडून येतो, कारण समोर विरोधकच नाही." चहाच्या टपरीवर ते ऐकू येते आणि संपादकीय स्तंभातही. ज्यांना सत्ताधारी आवडतात ते समाधानाने बोलतात, ज्यांना आवडत नाहीत ते उसासा टाकून बोलतात, पण वाक्य तेच असते. माझ्या लहानपणीही ते ऐकले होते. तेव्हा सत्ताधारी पक्ष दुसरा होता, एवढाच फरक.

या वाक्याने कार्यकारणभाव उलटा मांडला आहे. विरोधक दुबळा असतो म्हणून एक पक्ष जिंकत राहतो, हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे. एक पक्ष जिंकत राहावा अशी रचना उभी राहते, आणि त्या रचनेतून विरोधक दुबळा होतो. ज्या उदाहरणावर मी हे सांगणार आहे ते माझ्या गावच्या शिवारातले आहे. 1960 ते 1995 या काळातली महाराष्ट्रातली काँग्रेस. मधली दीड-पावणेदोन वर्षे सोडली, तर या पस्तीस वर्षांत राज्य तिच्याच हाती होते. निवडणुका वेळेवर होत होत्या, वर्तमानपत्रे बोलत होती, मोर्चे निघत होते, मतपेट्या बहुतेक ठिकाणी स्वच्छ होत्या. तरीही निकाल तोच लागायचा.

आधी 'विरोधक नव्हते' याचाच निकाल लावू.

1957 साली, द्वैभाषिक मुंबई राज्याच्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला अक्षरशः धूळ चारली. मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण कराडमध्ये थोडक्यात वाचले. 396 पैकी 234 जागा मिळवून काँग्रेस राज्यात टिकली, ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या आधारावर. समितीत शेतकरी कामगार पक्ष होता, समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, उद्धवराव पाटील अशी माणसे तिच्या व्यासपीठावर होती. याला विरोधक नसणे म्हणायचे असेल तर विरोधक म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागेल.

पाचच वर्षांनी, 1962 साली, महाराष्ट्राची पहिली निवडणूक झाली. 264 पैकी 215 जागा काँग्रेसला. शेकाप 15, प्रजा समाजवादी 9, कम्युनिस्ट 6, रिपब्लिकन 3. पाच वर्षांत एवढी मोठी ताकद कुठे गेली?

याचे एक उत्तर सरळ आहे आणि ते मी टाळणार नाही. समिती एका मागणीसाठी उभी राहिली होती. 1 मे 1960 रोजी ती मागणी पूर्ण झाली आणि समितीचे घटक पक्ष आपापल्या वाटेने गेले. पण हे उत्तर अर्ध्यातच थांबते. समिती फुटली, तेव्हा तिच्यातली माणसे आपापल्या पक्षात राहून वाढली का नाहीत? त्यांतली कितीतरी काँग्रेसमध्ये का गेली? 1952 मध्ये शेकापच्या तिकिटावर आमदार झालेले, काँग्रेसशी हिरीरीने लढलेले रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते पुढे काँग्रेसचे मंत्री झाले. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी ज्या पक्षाचा पाया घातला, तो सोडून ते दोघे पन्नाशीच्या दशकातच काँग्रेसकडे परतले होते. चव्हाणांनी या धोरणाला 'बेरजेचे राजकारण' असे नाव दिले. समोरच्याला हरवायचे नाही, आपल्यात मिळवून घ्यायचे. शब्द छान आहे. पण या बेरजेत एका बाजूची रक्कम वाढते, तेव्हा दुसऱ्या बाजूची घटत असते. ती घट पुढच्या निवडणुकीत 'विरोधकच नाहीत' म्हणून दिसते.

इथे कुणी म्हणेल की हा सगळा जातीचा हिशेब आहे. मराठा-कुणबी समाज संख्येने मोठा, तो काँग्रेसकडे, म्हणून काँग्रेस जिंकली. हे स्पष्टीकरण मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि ते मला कधीच पटलेले नाही. शेकापचे जेधे, मोरे, उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील हे कोणत्या समाजाचे होते? एकाच गावात, एकाच भावकीत, एक घर काँग्रेसचे आणि शेजारचे घर शेकापचे होते. जात दोन्हीकडे सारखीच असेल, तर त्यांतला एकच पक्ष सतत का जिंकतो हे जातीने सांगता येत नाही. शिवाय या काळात सर्वांत जास्त वर्षे, 1963 ते 1975, मुख्यमंत्रिपदावर वसंतराव नाईक होते, आणि ते बंजारा समाजाचे होते.

मग शोधायचे काय? दोन घरांत फरक कुठून पडत होता ते. त्यासाठी उसाच्या फडात जावे लागेल.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, शेकापचे. घरावर लाल बावटा, बोलण्यात कुळकायदा आणि कमाल जमीनधारणा. त्यांचा साडेतीन एकर आडसाली ऊस होता. आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लावायचा आणि साधारण सोळा ते अठरा महिन्यांनी तोडायचा. एवढा वेळ रानात उभे राहिलेले पीक पक्व झाले की लगेच तुटावे लागते. नाहीतर त्याला तुरा येतो, कांडे आतून पोकळ पडत जाते आणि वजन उतरते. शेतकऱ्याला पैसे टनावर मिळतात. म्हणून तोडीची तारीख हीच त्याची खरी किंमत असते, दर नंतर येतो.

तारीख कारखाना ठरवत असे. कारखान्याच्या शेतकी खात्यात लागवडीची नोंद असते, तिच्या क्रमाने तोडीची चिठ्ठी निघते, आणि चिटबॉय ती गावात आणून देतो. मग ऊसतोड मजुरांची टोळी येते, गाड्या लागतात. त्या वर्षी, मी आठवी-नववीत असेन, तात्यांच्या आधी लावलेल्यांचा ऊस गेला आणि नंतर लावलेल्यांचाही गेला. तात्यांच्या रानात मात्र तुरे पांढरे दिसू लागले. तात्या गट ऑफिसात खेटे घालत होते. शेवटी चिटबॉय एकदा संध्याकाळी आला, ओट्यावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तात्या, मी काय सांगू तुमाला? चेअरमन सायबांस्नी एकदा भेटून या की." तात्या गेले नाहीत. ऊस फेब्रुवारीच्या शेवटी तुटला. ज्या रानात दरवर्षी टनेज सांगताना त्यांचा आवाज चढायचा, त्या रानाचे वजन त्यांनी त्या वर्षी कुणाला सांगितले नाही.

कुणी विचारेल, दुसऱ्या कारखान्याला ऊस का नाही घातला? घालता येत नव्हता. प्रत्येक कारखान्याचे कार्यक्षेत्र ठरलेले असे, सभासदाने आपला ऊस आपल्याच कारखान्याला द्यायचा असे. ऐंशीच्या दशकात तर ही झोनबंदी सरकारी आदेशानेच पक्की झाली. ती उठली 1997 साली. शिवाय पीककर्ज गावच्या विकास सोसायटीचे, सोसायटीला पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेचा, आणि त्या कर्जाची वसुली उसाच्या बिलातून परस्पर. शेतकऱ्याच्या हातात बिल येते ते सोसायटी, खते, शिक्षणसंस्थेचा निधी अशा कपाती होऊन. एकाच बिलावर तीन-चार संस्थांच्या सह्या, आणि त्या तीन-चार संस्थांत एकाच वर्तुळातली माणसे.

यात कुणी मतपेटी फोडली नाही. कुणी तात्यांना मतदानापासून अडवले नाही. त्यांनी त्यांचे मत शेवटपर्यंत हवे त्यालाच दिले. म्हणूनच 'मतदान तर स्वच्छ होते, मग तक्रार कसली?' हा प्रश्न मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. मतदान पाच वर्षांतून एकदा. उसाची तोड, सोसायटीचे कर्ज, मुलाची शिक्षकाची नोकरी, विहिरीचा प्रस्ताव हे सगळे मधल्या पाच वर्षांत. एका पक्षाचे वर्चस्व तयार होते ते या मधल्या काळात. मतदानाच्या दिवशी फक्त त्याची मोजदाद होते.

आता साखर कारखाना पक्षाच्या हाती कसा जातो, ते पाहू. हा खरा सांधा आहे. वरवर पाहता सहकारी कारखाना सरकारचा नसतोच, तो सभासद शेतकऱ्यांचा असतो. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या अखेरीस पहिला सहकारी कारखाना सुरू केला, तो खरोखर शेतकऱ्यांच्या जिद्दीतून. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आदराखेरीज काही नाही. पण कारखाना उभारायला जे भांडवल लागते, ते शेतकऱ्यांच्या शेअरमधून थोडेच येते. राज्य सरकार भागभांडवल देते. वित्तसंस्थेचे मोठे कर्ज मिळते, तेव्हा त्याला राज्य सरकारची थकहमी लागते. त्या काळी केंद्राचे इरादापत्र लागे, त्यासाठी राज्याची शिफारस लागे. दर हंगामाला माल तारण कर्ज राज्य सहकारी बँकेकडून किंवा जिल्हा बँकेकडून. एकूण पाच-सहा दारे, आणि प्रत्येक दाराची किल्ली सरकारजवळ. ज्याचा पक्ष कधीच सत्तेत येणार नाही अशा माणसाने कारखान्याचा प्रस्ताव घेऊन या दारांतून जायचे म्हटले, तर किती वर्षे लागतील?

साठच्या दशकात एखाद्या तरुण, कर्तबगार, गावाकडून निवडून येऊ शकणाऱ्या कार्यकर्त्याच्या जागी बसून पाहा. तालुक्याला कारखाना आणायचा आहे, बंधारा बांधायचा आहे, हायस्कूल काढायचे आहे. विरोधात राहून तो भाषणे करू शकतो, मोर्चे काढू शकतो, एखादवेळी आमदारही होऊ शकतो. पण कारखाना आणू शकत नाही. काँग्रेसमध्ये गेला तर आणू शकतो. तो गेला, तर त्याला गद्दार म्हणणे सोपे आहे. मी स्वतः तरुणपणी म्हणालो आहे. आता मला वाटते की त्याने आपल्या तालुक्याचा हिशेब बरोबर केला होता. चूक त्या रचनेत होती, जिने लोकांचे काम करण्याचा एकच रस्ता ठेवला. या रस्त्याने एकेक कर्तबगार माणूस गेला की विरोधी पक्षात उरतात ती तत्त्वासाठी काहीही सोसणारी माणसे आणि ज्यांना कुणीच घेत नाही अशी माणसे. मग मतदार पाहतो, की या बाजूला कामाचा माणूस नाही. आणि म्हणतो, विरोधकच नाहीत.

1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, तेव्हा हा रस्ता आणखी रुंद झाला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून आलेला हा कायदा विकेंद्रीकरणाचा होता आणि त्यातून ग्रामीण महाराष्ट्रात खरोखर काम झाले. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक जिल्ह्यात अध्यक्ष, सभापती, समित्या. प्रत्येक तालुक्यात पंचायत समितीचे सभापती, उपसभापती. पूर्वी आमदारकी नाही तर काहीच नाही अशी स्थिती होती, आता वाटायला शेकडो पदे आली.

आणि इथेच सर्वांत मोठा गैरसमज दुरुस्त करायला हवा. काँग्रेसच्या राज्यात स्पर्धा नव्हती, असे लोक मानतात. स्पर्धा होती, आणि कडवी होती. कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. दोन पॅनेल, रात्रभर फिरणाऱ्या जीपगाड्या, घराघरांत पडलेली फूट, मतमोजणीच्या दिवशी पोलिसांची व्हॅन. फक्त दोन्ही पॅनेल काँग्रेसचीच असत. एक मंत्र्याच्या गटाचे, दुसरे खासदाराच्या गटाचे. मतदाराला चेअरमनवर राग काढायचा असेल, तर त्याला पक्ष बदलावा लागत नसे, पॅनेल बदलले की झाले. रजनी कोठारींनी 1964 साली 'काँग्रेस पद्धती' हा शब्द वापरला, तेव्हा त्यांनी नेमके हेच टिपले होते, की खरा सत्तापालट पक्षाच्या आत होतो आणि बाहेरचे पक्ष फक्त आतल्या गटांवर दबाव टाकत असतात.

आणि हरलेल्या पॅनेलच्या नेत्याचे पुढे काय व्हायचे? त्याला जिल्हा परिषदेत घ्यायचे, किंवा एखाद्या महामंडळावर, किंवा जिल्हा बँकेवर, किंवा पुढच्या वेळी विधानसभेच्या तिकिटाचा शब्द. तो पक्ष सोडत नसे, कारण रांगेत थांबणे बाहेर जाण्यापेक्षा फायद्याचे होते. रांग पुढे सरकते एवढा विश्वास असला की पुरे. काँग्रेस टिकली ती या विश्वासावर. माझ्या मते नेहरूंची पुण्याई, स्वातंत्र्यलढ्याचे वलय या गोष्टींचा वाटा त्यापुढे लहान आहे. वलयाचाच प्रश्न असता, तर 1957 साली ते अधिक ताजे होते, आणि तेव्हाच काँग्रेस इथे आपटली होती.

निवडणूक पद्धतीचा वाटाही मोठा आहे. तो थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बरेच लिहिले गेले आहे. 1967 साली काँग्रेसला महाराष्ट्रात सुमारे 47 टक्के मते होती आणि जागा 270 पैकी 203, म्हणजे पंचाहत्तर टक्के. निम्म्याहून अधिक मतदार दुसरीकडे होते, पण ते पाच-सहा ठिकाणी विखुरले होते. कुलाबा जिल्ह्यात शेकाप, कोकणात समाजवादी, गिरणगावात कम्युनिस्ट. प्रत्येकाला आपापल्या टापूत एकट्याने जिंकण्याची आशा, आणि म्हणून एकत्र येण्याची घाई नाही. काँग्रेसही त्यांच्यातल्या एकाशी वेगळा समझोता करून दुसऱ्याला एकटे पाडे. दादासाहेब गायकवाडांच्या रिपब्लिकन गटाशी तिने केलेली युती या प्रकारची होती.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. विदर्भात ऊस कुठे होता? साखर कारखाने म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, आणि काँग्रेस तर विदर्भातही जिंकत होती. उलट 1978 साली, आणीबाणीनंतर पक्ष फुटला आणि पश्चिम महाराष्ट्र डळमळला, तेव्हा इंदिरा काँग्रेसला तारले ते विदर्भाने. हे खरे आहे. कारखान्याने सगळे उलगडते असा माझा दावा नाही. विदर्भातली काँग्रेस निराळ्या पायावर उभी होती. तिथे दलित, मुस्लिम आणि कुणबी मतदारांची मोट आणि इंदिराजींवरची निष्ठा जास्त मोजावी लागते. पण एकच पक्ष दोन प्रदेशांत दोन निराळ्या कारणांनी जिंकत असेल, तर 'लोकांना तोच पक्ष हवा होता' हे एकसुरी उत्तर आणखीच खोटे ठरते. एक पाय डळमळला की दुसऱ्यावर उभे राहता येणे, हेही अशा पक्षाच्या टिकण्याचे एक कारण असते.

माझे म्हणणे खोटे पाडायचे असेल, तर सरळ कसोटी आहे. सत्तेबाहेर राहूनही जो विरोधक टिकला, तो कशावर टिकला? सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेकापचे होते आणि अकरा वेळा आमदार झाले. त्यांची साधी राहणी, एसटीचा प्रवास याबद्दल खूप लिहिले गेले, आणि ते खरेच होते. पण एवढ्यावर अकरा निवडणुका निघत नाहीत. सांगोला दुष्काळी तालुका, उसाचा पट्टा नव्हे. तिथे तोडीच्या चिठ्ठीचा तेवढा जोर नव्हता. आणि गणपतरावांनी स्वतः सूतगिरणी उभी केली, सहकारी संस्था चालवल्या. तालुक्याच्या पोटापाण्याची एक दोरी त्यांच्या हाती होती. वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींनी प्रस्थापितांच्या बाहेर राहून हुतात्मा किसन अहीर कारखाना उभारला, आणि उसाला चांगला दर देणारा कारखाना म्हणून त्याचे नाव झाले. जिथे विरोधकाच्या हाती स्वतःचे साधन होते, तिथे विरोधक टिकला. जिथे नव्हते, तिथे माझ्या तात्यांसारखी माणसे तुऱ्याकडे बघत बसली.

मग हे वर्चस्व संपले कसे? 'जनता चिडली आणि काँग्रेसला झिडकारले' असे 1995 बद्दल सांगतात. आकडे तसे सांगत नाहीत. त्या निवडणुकीत काँग्रेसला सुमारे 31 टक्के मते पडली आणि शिवसेना-भाजपला मिळून साधारण 29 टक्के. मते काँग्रेसचीच जास्त होती. जागा मात्र काँग्रेसला 288 पैकी 80, आणि युतीला 138. मधे निवडून आले 45 अपक्ष, आणि त्यांत काँग्रेसचे बंडखोर भरपूर. तिकीट नाकारलेली, रांगेत वीस-वीस वर्षे थांबलेली ही माणसे होती. मनोहर जोशींचे सरकार त्यांतल्याच कितीतरी जणांच्या पाठिंब्यावर उभे राहिले.

म्हणजे रांग तुटली. का तुटली? कारण रांगेत उभे राहणारे वाढत गेले आणि वाटण्याची पदे तेवढीच राहिली. कारखान्यांतून, संस्थांतून नवी पिढी आली होती, पण वरच्या खुर्च्यांवर तीच घराणी होती. बापानंतर मुलगा बसू लागला, आणि बाहेरच्या होतकरू माणसाला कळले की आपला नंबर लागणार नाही. दुसरे कारण मला त्याहून बोलके वाटते. 1985 साली शरद पवारांच्या समाजवादी काँग्रेसने 54 जागा जिंकल्या होत्या, ती विधानसभेतली मुख्य विरोधी शक्ती होती. 1986 साली औरंगाबादेत ती काँग्रेसमध्ये विलीन झाली. बेरजेच्या राजकारणातली ही सर्वांत मोठी बेरीज. पण तिने ग्रामीण भागातली विरोधाची जागा एका दिवसात मोकळी केली, आणि त्या जागेत शिवसेना शिरली. 1990 मध्ये सेनेच्या 52 आणि भाजपच्या 42 जागा आल्या. या पक्षांकडे कारखाने नव्हते, सोसायट्या नव्हत्या. ज्यांना तोडीच्या चिठ्ठीची गरजच नाही अशा बेकार तरुणांना, निमशहरी मुलांना त्यांनी हाक दिली. आत घेण्यासारखे जे होते ते सगळे आत घेऊन झाल्यावर, बाहेर उरले ते आत न येणारे.

यापुढची गोष्ट फारशी सांगावी लागत नाही. 1999 मध्ये काँग्रेस फुटली, पण दोन्ही तुकडे लगेच एकत्र येऊन पुढची पंधरा वर्षे सत्तेत राहिले, कारण कारखाने, बँका, जिल्हा परिषदा यांचे जाळे तसेच होते. 2014 साली सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली. 2019 पर्यंत विखे पाटील आणि मोहिते पाटील घराण्यांतली माणसे, हर्षवर्धन पाटील यांच्यासारखे नेते त्या पक्षात दाखल झाले. कारखान्यांना थकहमी आजही सरकारच देते. कर्जाची पुनर्रचना, बँकांवरची प्रशासकांची नेमणूक या सगळ्या दारांच्या किल्ल्या ज्या खोलीत होत्या त्याच खोलीत आहेत. खोलीत माणसे बदलली, तशी दाराबाहेरची रांग त्यांच्याकडे वळली. यात कोणत्या पक्षाचे तत्त्व चांगले, हा मुद्दाच नाही.

म्हणून जेव्हा कुणी मला म्हणतो, "विरोधक आहेतच कुठे?", तेव्हा मी त्याला त्याच्याच तालुक्याबद्दल विचारतो. तुमच्याकडे मागच्या दहा वर्षांत विरोधात निवडून आलेली माणसे कोण होती? आज ती कोणत्या पक्षात आहेत? ती गेली, त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत त्यांच्या कारखान्याची, बँकेची, शिक्षणसंस्थेची कोणती फाईल कुठे अडली होती? नंतर ती किती दिवसांत सुटली? ही माहिती गुप्त नसते. तालुक्याच्या ठिकाणी कुणालाही विचारा, तारखांसकट सांगतील.

तात्या 1980 पर्यंत शेकापच्या सभांना जात होते. नंतर त्यांचा थोरला मुलगा कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागला. ती नोकरी लागण्याआधी कुणाला तरी भेटावे लागले असणार. कोण भेटले, ते आमच्या घरात कधी बोलले गेले नाही. घरावरचा बावटा त्या वर्षी पावसात फाटला आणि पुन्हा लावला गेला नाही. त्यानंतर त्यांचा ऊस डिसेंबरातच तुटायचा.